डेटा नको ना?

माझ्या नवऱ्याला जगातल्या निम्म्या गोष्टींची किळस येते आणि उरलेल्या निम्म्यांची मला येते, म्हणून आमचा संसार टिकलाय. राजेश त्याचं नाव. शिळफाट्याला, महामार्गाच्या अंगाला आमचा एक शटरचा गाळा आहे. अर्ध्या गाळ्यात तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो, अर्ध्यात माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशन. गिऱ्हाइकासमोर मी त्याला अहो म्हणते, घरी अरे. कुठलं कधी म्हणायचं ते आता माझं मलाच कळत नाही, कारण दिवसभर गाळ्यातच असतो.

लोकांना वाटतं कॉम्प्युटर दुरुस्ती म्हणजे एसीत बसून बटणं दाबायचं काम. या एकदा बघायला! कोंबड्यांच्या शेडमधून मशीन येतात, आत पिसं आणि तो वास. भातगिरणीतून येतात, आत बोटभर कोंडा. एकाच्या पंख्यात पाल अडकून वाळली होती आणि तो गृहस्थ म्हणतो, "आवाज येत होता खरा, मग आपोआप बंद झाला." कीबोर्ड उलटा केला की बडीशेप, नखं, शेंगांची टरफलं. मावा खाऊन त्याच बोटांनी माउस धरणारे तर इतके आहेत की राजेश आता माउसला हातच लावत नाही, आधी कापडात धरतो. आणि उंदराचं मूत! ते बोर्डावर वाळलं की तांबं खातं आणि सोल्डरिंगचं गरम टोक लागलं की जो वास सुटतो, त्याला नाव नाही. श्शी!

राजेशचा जन्म गोठ्यातला म्हटलं तरी चालेल. माझे सासरे आबाजी, खालापूरच्या अलीकडच्या गावात म्हशी राखायचे आणि शाळेत जायच्या आधी शेण काढायचं काम ह्याचं. मोठं झाल्यावर शेणाला हात लावायचा नाही, एवढ्या एका ध्यासावर तो आयटीआय शिकला, पनवेलला नोकरी केली आणि इथे येऊन गाळा टाकला. "आणि आता बघ," तो म्हणतो, "तिथं निदान म्हशीचं व्हतं. इथं मानसांचं काढतोय." दर मशीनला तो साबणाने हात धुतो. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात. रात्री मी खोबरेल लावून देते तेव्हा तेवढा गप्प असतो.

ह्या माणसाला एक आवडतं औषध होतं. क्लीन. म्हणजे काय, तर विंडोज नव्याने घालताना काही अडलं की एक काळी खिडकी उघडता येते. तिच्यात डिस्क निवडायची आणि एक शब्द टाइप करायचा, क्लीन. एंटर मारलं की त्या डिस्कवरची सगळी आखणी पुसली जाते. सी कुठे, डी कुठे, कशाचा मागमूस राहत नाही. मशीनला वाटतं डिस्क कोरी आहे. मग नवीन आखणी, नवीन विंडोज. राजेशला ते करताना बघायचं म्हणजे सणाला घर सारवणारी बाई बघायची. चेहऱ्यावर इतकं समाधान एरवी नसतं. पार्टिशनचं लफडं असो, व्हायरस असो, ह्याचं ठरलेलं, "लोकांनी उकिरडा करून ठेवलाय आत. क्लीन मारायचा."

पण एक नेम होता. एंटर मारायच्या आधी तो गिऱ्हाइकाला मोठ्याने तीनदा विचारायचा, "डेटा नको ना?" तीनदा "नको" आलं तरच बोट खाली. एकदा एका मास्तरांनी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "थांबा हो, मुलीचे बारशाचे फोटो!" तेव्हापासून तर हा नेम देवाच्या आरतीसारखा पक्का झाला. कर्जतपासून खोपोलीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, राजेशकडे मशीन दिलं की तो क्लीन मारणार आणि तीनदा विचारून मारणार.

ह्याच गोष्टीचा फायदा घ्यायला मनोज आला.

मनोजचा कर्जतला फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर. तोंडाने गोड, इतका गोड की ऐकून दात आंबतात. ऐन लग्नसराईत, टळटळीत दुपारी टेंपोतून एडिटिंगचं मशीन घेऊन उतरला. "वहिनी, पाणी पाजा. दादा, तुमच्याशिवाय कुनी नाय बगा आपल्याला."

मशीन बघूनच राजेशने मास्क चढवला. वर धुळीचा थर, समोरच्या झाकणावर हळदीकुंकवाची पुटं, वाळलेल्या झेंडूचा चिकटलेला चोथा आणि जाळीत उदबत्तीची राख. दसऱ्याला पूजा केली होती म्हणे. कुठल्या दसऱ्याला ते देवच जाणे. बाजूचं झाकण काढलं तर आतून झुरळांची अख्खी बिऱ्हाडं बाहेर पळाली. एक माझ्या लॅमिनेशनच्या मशीनखाली गेलं. मी चप्पल काढली.

"काय झालं हाय?" राजेशने विचारलं.

"लाइट गेली, परत आली, विंडोज उडलं," मनोज म्हणाला. "मीच पेनड्राइव्हनं नवीन टाकायला गेलो. छोट्या डिस्कवरची जुनी पार्टिशनं डिलीट केली. आता पुढंच जात नाय."

राजेशने मशीन चालू केलं, विंडोजचं सेटअप सुरू केलं, डिस्क निवडायच्या पानावर गेला आणि पुढेचं बटण दाबलं. इंग्रजीत वाक्य आलं. मराठीत सांगायचं तर, नवीन पार्टिशन बनवता आलं नाही आणि असलेलं सापडलंही नाही, जास्त माहितीसाठी लॉग बघा. बस. काय चुकलं, कुणाचं चुकलं, काही सांगणार नाही. अशी वाक्यं लिहिणाऱ्याला आमच्या गाळ्यात महिनाभर बसवलं पाहिजे.

मशीनमध्ये डिस्क दोन. एक छोटी एसएसडी, विंडोजसाठी. दुसरी चांगली दांडगी, तिच्यावर डी ड्राइव्ह, म्हणजे मनोजने काढलेली सगळी लग्नं.

राजेशने रीतसर सुरुवात केली. इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह पुढच्या भोकातून काढून मागच्या जुन्या यूएसबीत लावला, कारण काही मशीन पुढच्या वेगवान भोकातून नीट वाचत नाहीत. बायॉसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात एसएसडी पहिली केली आणि पेनड्राइव्ह फक्त बूट मेनूतून तेवढ्यापुरता निवडला. सेटअपला पेनड्राइव्ह हीच पहिली डिस्क वाटली तर ते गोंधळतं, असं तो मला नेहमी सांगतो, मी नेहमी मान डोलावते. तरी तेच वाक्य. पेनड्राइव्ह खराब असेल म्हणून आमचा नवीन बनवून लावला. तरी तेच.

"दुसरं काय लावलंय का मशीनला?" त्याने विचारलं. "पेनड्राइव्ह, मोबाइल, काय पन?"

"काय नाय दादा. समोर हाय तुमच्या." मनोज खुर्ची पुढे ओढून बसला. "मी म्हनतो एवढा जीव कशाला काढताय? क्लीन मारा. दोन्ही डिस्क. नेटवर पन तेच लिवलंय, सिलेक्ट डिस्क झिरो, क्लीन."

राजेशने काळी खिडकी उघडली. यादी आली. डिस्क झिरो म्हणजे ह्या मशीनमध्ये ती दांडगी होती, लग्नांची. नेटवरच्या लोकांना काय, ते सगळ्यांना झिरोच सांगतात. तुमच्या मशीनमध्ये झिरोवर कोण बसलंय ते त्यांना कुठे माहीत असतं?

"झिरो म्हंजे तुझा डी," राजेश म्हणाला. "लग्नं जातील सगळी."

"जुना कचरा हाय नुसता. लोकांनी आपापली नेलीत."

राजेशने झिरो निवडली. क्लीन टाइप केलं. बोट एंटरवर ठेवलं.

"डेटा नको ना?"

"नको."

"डेटा नको ना?"

"अहो नको म्हनलो ना!"

"डेटा नको ना?"

"हवाय," दारातून आवाज आला.

आम्ही तिघांनी वळून बघितलं. उंबऱ्यात एक पोरगी उभी होती, पंचविशीची असेल, पदर डोक्यावर, घामाने चेहरा थबथबलेला. मनोजचा तो गोड चेहरा असा उतरला की मला पहिल्यांदा त्याचं खरं तोंड दिसलं.

"दादा, माझं लगीन हाय त्यात," ती म्हणाली. "पुसू नका."

राजेशचं बोट एंटरवरून उचललं गेलं. मी तिला आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. वनिता तिचं नाव, कोंडाण्याची. सकाळी कर्जतला स्टुडिओत गेली तर तिथल्या पोराने सांगितलं मशीन शिळफाट्याला गेलं, म्हणून एसटीने मागोमाग आली.

मग तिने हकीकत सांगितली. दोन वर्षांपूर्वी गावच्या देवळापुढे मांडव घालून तिचं लग्न झालं, नोंदणी केली नाही. वर्षभर नांदली आणि मग नवऱ्याने दुसरी बघितली, हिला माहेरी आणून सोडलं. हिने खालापूरच्या कोर्टात पोटगीचा अर्ज केला, तर नवऱ्याकडचे लेखी देऊन मोकळे झाले की लग्न झालंच नव्हतं. साखरपुडा झाला, मग मोडला, मुलगी आपणहून येऊन राहिली होती. आपणहून! अल्बम आणि कॅसेट, म्हणजे तो पेनड्राइव्ह, सासरीच राहिले, ते त्यांनी जाळले. पंगतीला जेवून गेलेली माणसं आता म्हणतात आम्हाला आठवत नाही. बुंदी वाढून वाढून ह्यांच्या पोटात गेली आणि आठवत नाही. कुणाच्या मोबाइलात फोटो असतील तर त्यांनी मोबाइल बदलले म्हणे, सगळ्यांनी!

"वकीलबाई म्हनल्या, फोटोग्राफरकडं मूळ व्हिडिओ असंल, तो आना," वनिता म्हणाली. "उद्या तारीख हाय. मी ह्यांच्याकडं तीन येळा गेले. आज या, उद्या या, मशीन बिघडलंय."

"मग बिघडलंच हाय की!" मनोज उसळला. "मी काय खोटं बोललो? समोर बघ, एरर हाय का नाय?"

आणि तिथेच मला सगळं कळलं. मशीन खरंच बिघडलं होतं. पण बिघाड ह्याच्या पथ्यावर पडला होता. हिच्या सासरचा गोतावळा मोठा, त्यांची सगळी लग्नं आणि बॅनर मनोजकडे. त्यांना दुखवायचं नव्हतं आणि हिला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. तेव्हा मशीन उचलून क्लीनवाल्या राजेशकडे आणायचं. उद्या कुणी विचारलं की हात वर, मी कुठे पुसलं, शिळफाट्याच्या राजेशने पुसलं, तीनदा विचारून पुसलं. माझ्या नवऱ्याच्या नेमाचं ह्याने फडकं केलं होतं आणि त्या फडक्याने हा आपले हात पुसणार होता.

राजेशने कीबोर्ड जवळ ओढला. टाइप केलेलं क्लीन एकेक अक्षर मागे घेत पुसलं. मग आत मोरीवर जाऊन हात धुतले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

बाहेर आल्यावर मनोज म्हणाला, "दादा, बाईमानसाच्या रडन्यावर जाऊ नका. मला बी तिची कीव येते. पन क्लीन मारल्याबिगर विंडोज पडनार नाय, तुमीच सांगता सगळ्यांना. माझा सीझन बुडतोय."

हेच खरं दुखणं होतं. राजेशने ते हजार वेळा हजार लोकांना सांगितलं होतं. मशीन गिऱ्हाइकाचं, डिस्क गिऱ्हाइकाची. क्लीनशिवाय इलाज नसेल तर मनोजला अडवणार कसं? तो टेंपोत मशीन घालून दुसरीकडे जाईल, संध्याकाळपर्यंत पुसून मोकळा.

"बिगर पुसता व्हतंय का बघतो," राजेश म्हणाला. त्याने मशीन बंद केलं, वायर काढली आणि दांडग्या डिस्कच्या दोन्ही पिना ओढून बाजूला केल्या. आता सेटअपला ती दिसणारच नव्हती, म्हणजे चुकूनही धक्का लागायचा नाही. "सेटअपला एकाहून जास्त डिस्क दिसल्या की त्याला कळत नाय, बूटचा भाग कुठं करायचा. आता एकच ऱ्हायली. आता पडायला पायजे."

मशीन सुरू. एसएसडी तर मनोजने आधीच रिकामी केली होती, तिच्यावर राजेशने आपलं लाडकं क्लीन मारलं, जीपीटी नावाची आखणी करून घेतली, कारण मशीन यूईएफआय पद्धतीने सुरू होत होतं आणि त्याला तशीच आखणी लागते. सेटअप. न्यू. पुढे.

तेच वाक्य.

मी मेलीने उगाच देवाचं नाव घेतलं. वनिता राजेशच्या तोंडाकडे बघत होती, तिला स्क्रीनवरचं वाचता येत नव्हतं पण तोंडावरचं येत होतं. आणि मनोज? मनोज हसला. चुकचुकत हसला. "बगा. मी म्हनत व्हतो ना. दोन्ही मारायला पायजे. वेळ काढू नका आता."

खरं सांगते, त्या हसण्यापेक्षा पंख्यातली वाळकी पाल बरी होती.

"अहो," मी म्हटलं, "तुमचं क्लीन तर केलंत ना त्या छोटीवर? मग?"

"तेच तर," राजेश म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं औषध लागू पडलं नव्हतं आणि तो त्या स्क्रीनकडे असा बघत होता की जणू पोटच्या पोराने उलट उत्तर दिलंय. मग त्याने परत काळी खिडकी उघडली, यादी मागवली आणि ह्या वेळी एकेक ओळ बोट लावून वाचली. "ही एसएसडी. हा आपला पेनड्राइव्ह. आनि ही... ही कोन?"

खाली तिसरी ओळ होती. चार जीबीला थोडी कमी. मघाशी दांडगीच्या नादात तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"चार जीबी? ह्या जमान्यात?" राजेशने मनोजकडे बघितलं. "काय लावलंय मशीनला?"

"काय नाय लावलं."

राजेशने मशीनच्या तोंडाकडे बघितलं, मग मी बघितलं. ते कुंकवाचं पुट. झेंडूचा चोथा. त्याच्या मागे कार्ड घालायची फट असते, कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड. ती फट कुंकवाने अशी बुजली होती की दिसतच नव्हती. राजेशने तिथे बोट नेलं, तसा मनोज ओरडला, "ए! हात नाय लावायचा तिथं!"

"काय हाय?"

"लक्ष्मी हाय ती." मनोजचा आवाजच बदलला. "माझं पयलं कार्ड. पयलं लगीन काढलं ते. स्टुडिओ उघडला तवा आईनं कुंकू लावून बसवलं. दर दसऱ्याला तिचीच पूजा करतो. जुन्या मशीनमधनं ह्यात आनलं, ह्याला धरून बरकत हाय. ते कुनी काढायचं नाय."

"मी विचारलं ना, काय लावलंय का?"

"ते लावलंय कुठं?" मनोज मनापासून म्हणाला. "ते बसवलंय!"

देवाशपथ सांगते, त्या एका बाबतीत तो खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे दुकानाची पहिली नोट चौकटीत घालतात, भिंतीला टांगतात, आणि मग ती नोट पैसे म्हणून कुणी मोजत नाही. तसंच हे. त्याच्या लेखी ते कार्ड नव्हतंच. पण सेटअपला काय लक्ष्मी कळते? त्याला दिसत होती एक चार जीबीची डिस्क, आणि त्या डिस्कपायी ते आडमुठेपणा करत होतं.

राजेशने परत हात पुढे केला आणि मनोजने त्याचं मनगट धरलं. राजेशला कुणी हात लावलेला चालत नाही, घामट हात तर नाहीच. तो जागच्या जागी थिजला. मग काय करणार, मी लॅमिनेशन कापायचं ब्लेड घेतलं, मशीन बंद केलं, मध्ये घुसले आणि खरवडलं ते पुट. तांबडा भुगा, त्यात मेलेल्या मुंग्या, तेलाचा कुबट वास. किती वर्षांचं होतं कुणास ठाऊक. नखाने दाबलं तशी खट्कन फट सुटली आणि कार्ड माझ्या हातात आलं.

"वहिनी! अहो वहिनी!"

"गप बस," मी म्हटलं. "तुझी लक्ष्मी माझ्याकडं सुखरूप आहे."

राजेशने मशीन चालू केलं. सेटअप. एसएसडी निवडली. न्यू. छोटी छोटी पार्टिशनं पटापट तयार झाली. पुढे. आणि ते वाक्य आलं नाही. त्या जागी आलं, फाइली कॉपी होत आहेत. शून्य टक्के, एक टक्का, दोन टक्के. काही पुसावं लागलं नाही. जगातल्या कुणाच्या लग्नाला हात लावावा लागला नाही.

राजेश माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढंच व्हतं. कार्ड काढायचं. एवढंच." आणि त्याच्या आवाजात स्वतःचीच अशी किळस होती की मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

विंडोज बसल्यावर त्याने मशीन बंद करून दांडगी डिस्क परत जोडली. डी ड्राइव्ह जसाच्या तसा आला. शेकडो फोल्डर, नावांनी लावलेले. मनोज जागेवरून उठला. "झालं ना? द्या आता मशीन. आनि माझं कार्ड."

"वनिताचं लग्न कुठल्या फोल्डरात आहे?" मी विचारलं.

"वहिनी, तो माझा धंद्याचा माल हाय. मी असा कुनालाबी नाय देऊ शकत. त्या लोकांची कामं हायत माझ्याकडं, उद्या मला कोन उभं करील?"

"तिचं लग्न म्हणजे तुझा माल?" माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत रे? तिच्या बापाने मांडव घातला, तिच्या अंगाला हळद लागली, आणि माल तुझा? आणि राजेशच्या नावावर पुसायला निघाला होतास! अरे, झुरळं बरी, ती निदान उजेड दिसला की पळतात. तू खुर्ची ओढून बसलास!"

"अपशब्द नका वापरू."

"मग ऐक." मी मूठ वर केली. "हे कार्ड आत्ता माझ्या मुठीत आहे. शेजारी माझं ब्लेड आहे. तू तिला मूळ फाइल दे, मी तुला तुझी बरकत देते. नाहीतर जा बिनबरकतीचा कर्जतला."

राजेश म्हणाला, "अगं माधवी!" पण त्याचे डोळे हसत होते. मनोजने माझ्या मुठीकडे बघितलं. माणूस कोर्टाला भ्याला नाही, देवळापुढच्या अक्षतांना भ्याला नाही, एका पोरीच्या आयुष्याला भ्याला नाही. चार जीबीच्या कार्डाला भ्याला! तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत त्याने स्वतः माउस धरला आणि फोल्डर उघडला.

राजेशने मूळ फाइली नवीन पेनड्राइव्हवर उतरवल्या. वकीलबाईंचा फोन लावून विचारलं, तर त्या म्हणाल्या, फाइलला अजिबात हात लावू नका आणि फोटोग्राफरचं मशीन तसंच राहू द्या, गरज लागली तर कोर्ट त्याला बोलावून विचारील. मनोज फोनमधलं ऐकत होता. साक्षीला येईन म्हणाला नाही, येणार नाही असंही म्हणाला नाही. मी कार्ड त्याच्या तळव्यावर ठेवलं. त्याने ते कपाळाला लावलं, खिशात घातलं, मशीन टेंपोत चढवलं आणि गेला. त्याने ओढलेली खुर्ची मी फिनेलने पुसून काढली.

"ताई, एकदा लावून बघू या, फाइल नीट उतरली का," राजेश वनिताला म्हणाला. आमच्या मशीनवर त्याने पेनड्राइव्ह लावला.

मांडव दिसला, झगझगीत. अंतरपाट धरलेला. भटजी सूर लावून ओरडत होते. ज्यांना आठवत नव्हतं ती सगळी माणसं ओळीने उभी होती, फेटे बांधून, अक्षता मुठीत धरून. सासू, दीर, कोण कोण, वनिता एकेकाकडे बोट करून नाव सांगत होती. अंतरपाट खाली आला. नवऱ्याने हार घातला, हिने घातला. मग कॅमेरा हिच्या तोंडाजवळ गेला. मुंडावळ्यांमधून ती हसत होती. तोंडभर, दात दाखवून, लाजेची ऐशीतैशी करून हसत होती.

वनिताचं बोट खाली आलं.

"थांबवा," ती म्हणाली. राजेशने थांबवलं. ते हसणं पडद्यावर तसंच राहिलं. ती त्या हसण्याकडे बघत राहिली आणि तिच्या ओठांची अशी वळकटी झाली की जणू तोंडात काहीतरी नासकं आलंय.

"शी! किती हसत व्हते मी. बघा ना. किळस येते, बघवत नाय." मग ती राजेशकडे वळली. "दादा, तुमी पुसता ना? लोक म्हनतात, तुमी सगळं साफ करून देता. त्यांची तोंडं ऱ्हाऊ द्या, हार ऱ्हाऊ द्या. माझं हे हसनं तेवढं काढा. तेवढंच. उद्या कोर्टात सगळी बघतील मला. तो बी बघंल."

मी राजेशकडे बघितलं. आयुष्यभर लोकांचं साफ करून देणारा माणूस. एक मनोज सोडला तर कुणी मागितलं आणि ह्याने पुसलं नाही असं कधी झालं नव्हतं.

"नाय ताई," तो म्हणाला. "ह्यातलं काय पुसता येनार नाय. हे असंच न्यायचं."

त्याने पेनड्राइव्ह काढला, कापडाने न पुसता तसाच तिच्या हातावर ठेवला. वनिताने तो पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि खाली मान घालून कर्जतच्या गाडीला निघून गेली. राजेश त्या दिवशी परत हात धुवायला गेला नाही.